दोन भाषांतली एकच लग्नपत्रिका: निमंत्रक, वेळा आणि पत्ता यांचा मेळ कसा घालावा?

रेवा_क

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचं लग्न ठरलंय. वधूकडची मंडळी मराठी नाहीत, म्हणून दोन्ही घरांनी मिळून एकच पत्रिका छापायची ठरवली आहे, एका पानावर मराठी आणि समोरच्या पानावर इंग्रजी. मजकूर करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलंय.

परिस्थिती अशी: बाबा आता नाहीत. आमच्याकडून आई आणि वसंतकाका निमंत्रक, तिकडून वधूचे आईवडील. मुहूर्त रविवारी दुपारी १२ वाजून ७ मिनिटांचा, आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, लग्नाच्या संध्याकाळी स्वागतसमारंभ. कार्यालयाला दोन फाटकं आहेत आणि गाड्या फक्त मागच्या फाटकातून आत जातात. हे पत्रिकेत कसं सांगायचं तेही कळत नाहीये.

मराठी मसुदा देते, नावं बदलली आहेत:

॥ श्री गणेशाय नमः ॥
आमचे येथे श्रीकृपेकरून कै. दिनकर व श्रीमती शालिनी यांचे कनिष्ठ चिरंजीव चि. अमेय याचा शुभविवाह सौ. व श्री. अमुक यांची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. नंदिनी हिच्याशी रविवारी दुपारी १२ वा. ७ मि. या शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही विनंती.
आपले नम्र: श्रीमती शालिनी, श्री. वसंत

इंग्रजी पान मी याच क्रमाने ओळीला ओळ लावून करतेय. सुरुवात 'लेट मिस्टर दिनकर अँड मिसेस शालिनी रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युअर कंपनी' अशी आहे. बघून सांगा.

काकासाहेब

मसुदा उत्तम आहे. ओळीला ओळ लावायची पद्धतच बरोबर, म्हणजे मराठीत एक आणि इंग्रजीत भलतंच असं होत नाही. फक्त 'शुभविवाह'च्या आधी 'मंगल' घाला, भारदस्त वाटतं. वेळेचं म्हणाल तर मुहूर्ताखेरीज दुसरी कुठलीही वेळ पत्रिकेत छापू नये. मुहूर्त एकच असतो.

जुना_छापखाना

रेवाताई, अभिनंदन. पत्रिका जुळवण्यातच माझी उमेद गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. काकासाहेबांचा मुद्दा मजकुरातल्या माहितीपुरता खरा. तारीख, वेळ, स्थळ दोन्हीकडे एकच हवं. पण ओळीला ओळ लावायचा हट्ट सोडा, कारण दोन्ही भाषांत पत्रिकेचा सांगाडाच उलटा आहे.

मराठी पत्रिका हे पत्र असतं. 'आमचे येथे' म्हणून सुरू होतं आणि ते 'आम्ही' कोण हे सगळ्यात खाली 'आपले नम्र' नंतर कळतं. इंग्रजीत निमंत्रक सगळ्यात वर येतात आणि स्वतःबद्दलसुद्धा तिऱ्हाइतासारखं बोलतात. म्हणजे मराठी पानाची शेवटची ओळ ही इंग्रजी पानाची पहिली ओळ. तुम्ही मराठीची पहिली ओळ उचलून इंग्रजीच्या डोक्यावर ठेवलीत, त्यामुळे काय झालं बघा: 'लेट मिस्टर दिनकर रिक्वेस्ट'. गेलेला माणूस आमंत्रण देतोय. ही गफलत बऱ्याच पत्रिकांत छापून जाते, कारण मराठीत तेच नाव मजकुरात बिनबोभाट बसतं. तिथे ते फक्त मुलाची ओळख सांगत असतं.

दुसरं, मराठीतही एक गाठ आहे. 'आमचे येथे' असं आई म्हणते आणि पुढच्याच ओळीत 'श्रीमती शालिनी यांचे चिरंजीव' असंही आईच म्हणते. सही तिची असेल तर मजकुरात तिचं नाव परक्यासारखं यायला नको. आणि दोन्ही घरं निमंत्रक असतील तर 'आमचे येथे' म्हणजे नक्की कोणाकडे?

मुंगळा

माझ्या बहिणीच्या लग्नात मुहूर्त रात्री १२ वाजून ३५ मिनिटांचा होता. पत्रिकेत मराठीत 'शनिवारी रात्रौ १२ वा. ३५ मि.' आणि इंग्रजीत 'सॅटर्डे, 12:35 ए.एम.' असं छापलं. तिच्या ऑफिसातले लोक चक्क एक रात्र आधी येऊन बंद कार्यालय बघून गेले. तेव्हा इंग्रजी पान नकोच, असं माझं मत. ज्याला वाचता येत नाही त्याला फोन करावा.

काकासाहेब

बारानंतर तारीख बदलते हे साधं आहे. मराठीतही रविवारच छापायला हवा होता.

जुना_छापखाना

मुंगळा, तुमच्या उदाहरणात मराठी पान चूक नव्हतं हो. काकासाहेब, इंग्रजी तारीख बदलते, वार मात्र पंचांगात सूर्योदयाला बदलतो. म्हणून पंचांगात मध्यरात्रीनंतरच्या वेळा २४ च्या पुढच्या आकड्यांनी देतात आणि वार शनिवारचाच चालू राहतो. गुरुजी कागदावर 'शनिवार' लिहून देतात ते त्यांच्या हिशोबाने योग्यच. मराठी वाचणारा 'शनिवारी रात्रौ' म्हटल्यावर शनिवारी जेवून निघतो. पण तोच शनिवार इंग्रजी घड्याळाला चिकटवला की 'सॅटर्डे 12:35 ए.एम.' म्हणजे शुक्रवारची रात्र होते. तिथे 'शनिवार आणि रविवार यांच्यामधली रात्र' असं दोन्ही तारखांसकट लिहावं लागतं. मराठीतही तशी ओळ घातली तर बिघडत नाही.

रेवाताईंचा मुहूर्त दुपारचा आहे, तिथे हा घोळ नाही. पण तिथेही 12:07 पुढे नुसतं पी.एम. नको. बाराच्या पुढे ए.एम. की पी.एम. यावर चांगले शिकलेले लोक अडखळतात. 'नून' हा शब्द वाक्यात कुठेतरी येऊ द्या.

पल्लवी_अक्षरे

वेळेवरूनच पुढे बोलते. मी पत्रिकांची मांडणी करते आणि सगळ्यात जास्त गैरसमज मुहूर्ताच्या मिनिटाचा होतो. मराठी माणसाला ठाऊक असतं की १२:०७ ला अंतरपाट दूर होतो, शेवटच्या अक्षता पडतात. मंगलाष्टकं त्याआधी सुरू झालेली असतात. परभाषक पाहुणा 12:07 वाचतो आणि त्याला वाटतं कार्यक्रम तेव्हा सुरू होणार. तो अगदी वेळेवर, बारा वाजून पाच मिनिटांनी गाडी लावतो, मागच्या फाटकातून चालत येतो तोवर सगळे टाळ्या वाजवत असतात. मग तो विचारतो, लग्न कधी आहे?

त्यामुळे इंग्रजी पानावर मुहूर्त द्याच, पण त्याच्या वर एक ओळ हवी: 'गेस्ट्स मे काइंडली बी सीटेड बाय 11:30 ए.एम.' आणि मुहूर्ताच्या ओळीत त्या मिनिटाला काय होतं ते. म्हणजे 'द कपल आर मॅरीड अ‍ॅट 12:07, जस्ट आफ्टर नून' असं काहीतरी.

काकासाहेब, मुहूर्त एकच असतो हे मान्य. पण पाहुण्याने कधी यायचं ही वेगळी वेळ आहे.

काकासाहेब

आमच्या पिढीत मुहूर्ताच्या तासभर आधी जायचं हे सांगावं लागत नसे. असो. छापा.

रेवा_क

बाप रे, 'लेट मिस्टर दिनकर' वाचून मलाच कसंतरी झालं. धन्यवाद छापखानाकाका. मग बाबांचं नाव घालायचं कुठे? आईची फार इच्छा आहे की नाव हवंच. आणि वसंतकाका निमंत्रक आहेत, त्यांचं काय? इंग्रजीत 'रिक्वेस्ट युअर प्रेझेन्स अ‍ॅट द मॅरेज ऑफ देअर सन' लिहिलं तर आई आणि काकांचा मुलगा असा अर्थ होतोय. नातेवाईक हसतील.

संशयात्मा

एक विचारू का? श्रीमती निमंत्रक म्हणून पहिल्या चालतात का? आमच्याकडे अशा वेळी काका किंवा थोरला भाऊ 'आपले नम्र'मध्ये येतो आणि आईचं नाव फक्त मजकुरात येतं. मी बरोबर-चूक म्हणत नाहीये, पाहिलंय ते सांगतोय.

पल्लवी_अक्षरे

चालतात. आई मुलाचं लग्न करतेय, तिच्या सहीला कुणाची आडकाठी? हल्ली बहुतेक पत्रिकांत आईचंच नाव पहिलं असतं आणि खाली काका, मामा.

जुना_छापखाना

संशयात्मा म्हणतात तशा पत्रिका मीही भरपूर जुळवल्या आहेत, आणि पल्लवीताई म्हणतात तशाही. हा घरचा निर्णय, जुळाऱ्याने त्यात पडू नये. मी फक्त व्याकरण सांभाळतो.

रेवाताई, वडिलांचं नाव वराच्या नावाला बांधा, निमंत्रकांच्या ओळीत नको. दोन्ही घरं मिळून बोलावताहेत, म्हणून 'आमचे येथे' काढून टाका आणि सगळं वाक्य तिऱ्हाइतासारखं करा. काहीसं असं:

॥ श्री गणेशाय नमः ॥
श्रीकृपेकरून
चि. अमेय
कै. दिनकर यांचे कनिष्ठ चिरंजीव
आणि
चि. सौ. कां. नंदिनी
सौ. व श्री. अमुक यांची ज्येष्ठ कन्या
यांचा शुभविवाह रविवारी दुपारी १२ वा. ७ मि. या शुभमुहूर्तावर योजिला आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही विनंती.

खाली दोन स्तंभ. डावीकडे 'आपले नम्र' म्हणून श्रीमती शालिनी, त्याखाली श्री. वसंत. उजवीकडे वधूचे आईवडील. आता आईचं नाव एकदाच येतं आणि ते मानाच्या जागी येतं.

इंग्रजीत निमंत्रकांच्या ओळीला नात्याचा सर्वनाम चिकटतो, ती खरी अडचण. त्या ओळीत फक्त आईवडील बसतात. काका बसवले की तुम्ही म्हणता तो अनर्थ. म्हणून वर आई एकटी ठेवा आणि 'हर सन अमेय, सन ऑफ द लेट दिनकर' असं लिहा. काका पानाच्या तळाशी 'विथ वॉर्म रिगार्ड्स फ्रॉम' या ओळीत. त्यात त्यांचा मान कमी होत नाही, मराठी पानावर ते सहीत आहेतच.

आणि चि., सौ. कां., 'सहकुटुंब सहपरिवार' यांना इंग्रजीत काहीही शोधत बसू नका. गाळा. तिकडे मिस्टर, मिसेसही वरवधूंना नको, नुसती नावं.

मुंगळा

किलबिल राहिली! 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' आणि खाली सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं. ती इंग्रजीत कशी करणार?

पल्लवी_अक्षरे

करायचीच नाही. किलबिल मराठी पानावर राहू दे. दोन पानं सारखी दिसली पाहिजेत असा आग्रह धरला की इंग्रजी पान गच्च होतं आणि नेमकी पत्त्याची जागा खाल्ली जाते, जी त्या पाहुण्यांना सगळ्यात जास्त लागते.

पत्त्याबद्दल सांगते. मराठी पानावर लोक ज्या खुणेने ओळखतात ती खूण द्या: देऊळ, टाकी, जुनं नाव, जे काही असेल ते. रिक्षावाल्याला तेच सांगितलं जातं. इंग्रजी पानावर कार्यालयाचं नाव नकाशाच्या अ‍ॅपमध्ये ज्या स्पेलिंगने आहे, अगदी त्याच स्पेलिंगने. पाहुणा ते टाइप करणार आहे. मालकांनी पाटीवर एक आणि नकाशात दुसरं लिहिलेलं असतं, आणि एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की नकाशा भलत्याच कार्यालयाकडे नेतो. स्वतः मोबाइलवर टाइप करून बघा, पहिलं उत्तर तुमचंच येतंय का.

डावी-उजवी लिहायची असेल तर कुठून येताना ते आधी लिहा. 'पुलानंतर उजवीकडे' हे पुलाच्या दुसऱ्या बाजूने येणाऱ्याला उलटं पडतं. तुमच्याकडे तर दोन फाटकं आहेत. मी असं लिहीन: 'गाड्यांसाठी प्रवेश मागील फाटकातून. पायी येणाऱ्यांसाठी मुख्य फाटक.' बस्स, एवढंच. बाकी क्यूआरवर सोपवा, पण त्यातली खूण कार्यालयाच्या मधोमध नको, मागच्या फाटकावर टोचा. मधोमध टोचली तर नकाशा जवळच्या रस्त्यावर, म्हणजे बहुधा पुढच्या फाटकासमोर, 'आपण पोहोचलात' म्हणतो आणि तिथे गाड्यांची रांग लागते.

रेवा_क

क्यूआर सोनेरी फॉइलमध्ये छापायचा विचार होता, लाल कागदावर. छान दिसेल ना?

पल्लवी_अक्षरे

दिसेल छान, वाचला जाणार नाही. फॉइल चमकतं, कॅमेऱ्याला काळं-पांढरं वेगळं करता येत नाही. पांढऱ्या चौकोनात काळा छापा, बाजू निदान दोन सेंटिमीटर, आणि भोवती मोकळी पांढरी जागा सोडा. नक्षीची वेल त्यात घुसवू नका. कच्चा छापा हातात आला की दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर, जरा अंधुक उजेडातही, बघून घ्या.

अजून एक. निम्म्याहून जास्त लोकांना पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवरच जाते. फोनच्या पडद्यावरचा क्यूआर त्याच फोनच्या कॅमेऱ्याने कसा टिपणार? पाठवायच्या पीडीएफमध्ये क्यूआरच्या जागी दाबता येईल अशी लिंक द्या, आणि संदेशातही तीच लिंक वेगळी टाका. पत्रिकेचा नुसता फोटो पाठवला तर ती लिंक मरते.

संशयात्मा

आकड्यांचं काय? इंग्रजी पानावर मराठी आकडे छान दिसतात म्हणून आमच्या ओळखीत एकाने तसे टाकले होते.

जुना_छापखाना

नको. मराठी चार परभाषकाला आठसारखा दिसतो आणि मराठी एक नऊसारखा. स्वागतसमारंभ सायंकाळी ४ चा असेल तर आठला येतील. फोन नंबरचं तर विचारूच नका. मराठी पानावर मराठी आकडे, इंग्रजीवर इंग्रजी, एका ओळीत सरमिसळ नाही. फोन नंबर मात्र मी मराठी पानावरही इंग्रजी आकड्यांत घेतो, लोक ते बघून दाबतात म्हणून. ही माझी सवय, नियम नव्हे.

आता छपाईची एक गोष्ट, कारण मजकूर कितीही चांगला केला तरी तो इथे मार खातो. तुम्ही मोबाइलवर लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. पुष्कळ छापखान्यांत अजून जुने, युनिकोड नसलेले फाँट वापरतात, म्हणून तो मजकूर आधी बदलून घ्यावा लागतो. काही ठिकाणी युनिकोडच वापरतात, पण मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसते. दोन्हीकडे ठरावीक जागा बिघडतात. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, म्हणजे 'चि.' हाच शब्द आधी मोडतो. रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो. आणि 'वऱ्हाडी'मधला अर्धा र रफार होऊन भलताच शब्द तयार होतो. तपासताना सगळं वाचत बसू नका, आधी हेच शोधा: चि., आशीर्वाद, मुहूर्त, आडनावांतले 'ऱ्ह' आणि 'ऱ्या'. हे चार ठिकाणी नीट असेल तर बाकी बहुतेक नीट असतं.

तपासणीसाठी फोटो मागू नका, पीडीएफ मागा. आणि 'इकडे एकच शब्द बदललाय' म्हणून सांगितलं तरी दोन्ही पानं परत बघा. मराठीत वेळ दुरुस्त होते आणि इंग्रजीत जुनी राहते, हे तर नेहमीचं.

काकासाहेब

'आशीर्वाद'मध्ये शी दीर्घ. पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर लिहिलं इथे.

रेवा_क

सगळ्यांचे खूप आभार. रात्री बसून दोन्ही पानं पुन्हा केली. मराठी पान छापखानाकाकांनी दिलं तसंच ठेवलंय. इंग्रजी पान आता असं आहे, वरून खाली:

मिसेस शालिनी
अँड
मिस्टर अँड मिसेस अमुक
इन्व्हाइट यू टू द वेडिंग ऑफ
नंदिनी
अँड
अमेय, सन ऑफ द लेट दिनकर
संडे, मग तारीख
गेस्ट्स सीटेड बाय 11:30 ए.एम.
मॅरीड अ‍ॅट 12:07, जस्ट आफ्टर नून
लंच फॉलोज
रिसेप्शन सेम इव्हनिंग, 7 टू 9:30 पी.एम., सेम व्हेन्यू

खाली पत्ता, फाटकाची ओळ, क्यूआर आणि तळाला वसंतकाका. 'हर सन' मी गाळलं, कारण वर तीन निमंत्रक झाल्यावर ते कुणाचं कुणाला लागतंय कळेना. मराठी पानावरही 'कृपया ११:३० पर्यंत स्थानापन्न व्हावे' अशी ओळ मुहूर्ताखाली बारीक टाकली आहे. सीमांतपूजनाचं फक्त घरच्यांना आहे म्हणून पत्रिकेत न घेता वेगळा छोटा कागद आत घालणार आहोत, म्हणजे सगळे आदल्या दिवशी येणार नाहीत.

एकच गोष्ट अडली आहे. नंदिनीचे वडील म्हणतात, इंग्रजी पद्धतीत वधूचं घर आधी येतं, तर तिथे त्यांची नावं पहिली हवीत. आई म्हणते, मराठी पानावर आपण पहिले आहोत ते पुरे, इंग्रजीवर त्यांना घ्या. वसंतकाकांना ते पटत नाहीये.

जुना_छापखाना

'हर सन' गाळलंत ते उत्तम. एका पानावर एक घर आधी, दुसऱ्यावर दुसरं, अशा पत्रिका मी करून दिल्या आहेत, वाचणाऱ्याला काही खटकत नाही. वधूचं नाव आधी घेतलंच आहे तुम्ही, तेव्हा निमंत्रकही त्याच क्रमाने आले तर पान सुसंगत दिसेल.

काकासाहेब

वरपक्ष दोन्हीकडे आधी. माझं मत नोंदवून ठेवा.

पल्लवी_अक्षरे

'सेम व्हेन्यू' दोनदा वाचलं तरच कळतं, तिथे कार्यालयाचं नाव पुन्हा टाका. आणि 9:30 च्या आधी 7 च्या पुढे पी.एम. नाही, तोही लावा. निमंत्रकांच्या क्रमाबद्दल मी काही बोलत नाही, वसंतकाकांना पत्रिका दाखवताना इंग्रजी पान आधी दाखवू नका एवढंच सांगते.